एजीएमची नोटीस, चौदा दिवस आणि ‘आयत्या वेळचे विषय’

सेक्रेटरी_ऐरोली: आमच्या सोसायटीची एजीएम रविवारी २२ सप्टेंबरला आहे. ८ तारखेला नोटीस बोर्डावर लावली आणि घरोघर वाटली, चौदा दिवस पूर्ण. बाहेरच्या रंगकामाची वर्गणी, प्रत्येकी ४०,००० रुपये, आयत्या वेळच्या विषयात घेतोय. तरी काही सभासद उगाच खुसपट काढतायत.

घोडबंदर_काका: खुसपट नाही हो. उपविधीत चौदा पूर्ण दिवस म्हटलंय. नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही, सभेचाही नाही. ९ ते २१ मोजा, तेरा भरतात. आणि एवढ्या मोठ्या वर्गणीचा विषय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी कसा येईल? ज्याला रीतसर नोटीस लागते तो विषय तिथे घेताच येत नाही. पुण्याला राहणारा सभासद अजेंड्यात हिशेब आणि ऑडिटर नेमणूक एवढंच बघून येत नाही, मग त्याच्या दारात ४०,००० चं बिल. हा अन्याय आहे.

सेक्रेटरी_ऐरोली: एका दिवसाने काय बिघडतं? ३० सप्टेंबरच्या आत एजीएम झाली नाही तर कमिटीवर येतं. शिवाय कोरम नसला की अर्ध्या तासाने तीच सभा घेतो, तेव्हा कोरम लागत नाही.

खारघर_फ्लॅटवाला: पुण्याला राहणारा म्हणजे माझ्यासारखाच! माझा फ्लॅट भाड्याने आहे. आमची कमिटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मेंटेनन्सच्या दुप्पट लावते. त्यावर बोला आधी.

वाशी_ताई: सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर घेताच येत नाही, २००१ पासूनचा शासन आदेश आहे. लेखी द्या, पोच घ्या.

खारघर_फ्लॅटवाला: दिलं. उत्तर आलं की जनरल बॉडीने ठरवलंय.

वाशी_ताई: जनरल बॉडी आदेशाच्या वर नाही. उपनिबंधकांकडे जा.

सेक्रेटरी_ऐरोली: भाडं खिशात घालायचं आणि सभेला यायचं नाही! पाणी, लिफ्ट, वॉचमन आम्ही सांभाळायचं. कमिटीत या, मग कळेल.

खारघर_फ्लॅटवाला: भावाला पाठवलं तर बसू देत नाहीत!

घोडबंदर_काका: सभेत प्रॉक्सी चालत नाही, त्याबाबत तुमची कमिटी बरोबर आहे. आता मूळ मुद्दा. तहकूब सभेला कोरम लागत नाही, मान्य. पण ती वेळ मूळ नोटिशीतच हवी आणि विषय अजेंड्यावरचेच. रंगकाम त्यात नाहीच. १४ तारखेपर्यंत नवी नोटीस काढा, २९ च्या रविवारी सभा घ्या. १५ ते २८, चौदा भरतात, मुदतही पाळली जाते. रंगकाम स्वतंत्र विषय म्हणून लिहा, सोबत कोटेशन आणि वर्गणीचा आकडा द्या.

सेक्रेटरी_ऐरोली: हॉलचं भाडं बुडेल ते तुम्ही भरणार? ठीक आहे, रंगकाम अजेंड्यावर घालतो. तारीख मात्र बदलणार नाही.

घोडबंदर_काका: मग अजेंडा बदलून पुन्हा वाटाल तो दिवस कुठला धरायचा? आज १० तारीख आहे.

वाशी_ताई: सभेआधी कोणीतरी लेखी हरकत नोंदवा. नंतर आरडाओरडा करून उपयोग नाही.