मदत हवी आहे: आई-बाबा न्यू जर्सीला चाललेत, टिपचं गणित आधीच कसं शिकवू?

विश्रामबागकर: आई-बाबा पुढच्या महिन्यात सांगलीहून ताईकडे न्यू जर्सीला चाललेत. ताई-भावजी दिवसभर कामावर, त्यामुळे दुपारी कधी दोघंच बाहेर जेवतील. बाबांची सवय म्हणजे बिलाबरोबर आलेल्या बडीशेपेच्या वाटीत वीस रुपये ठेवायचे. तिकडे नेमकं काय करायचं? इथेच सराव करून घेता येईल का?

कृष्णाकाठ: सोपं आहे. बिलावर टॅक्स लिहिलेला असतो, त्याची दुप्पट करा, झाली टिप.

माई_मिरज: कृष्णाकाठ, हा हिशोब न्यूयॉर्क शहरातला. तिथे टॅक्स 8.875 टक्के, म्हणून दुप्पट केली की पावणेअठरा होतात. न्यू जर्सीत टॅक्स 6.625 टक्के आहे. दुप्पट करून जेमतेम सव्वातेरा टक्के भरतात आणि वेटरला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

विश्रामबागकर, टेबलावर वाढणारं हॉटेल असेल तर 18 ते 20 टक्के द्यायची रीत आहे. ती बक्षिसी नाही, पगाराचाच भाग आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा केंद्रीय किमान दर तासाला 2.13 डॉलर, आणि तो 1991 पासून तसाच आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यांनी तो वाढवलाय, तरी घर टिपवरच चालतं.

आता एक बिल घ्या. जेवण 64 डॉलर, टॅक्स 4.24, एकूण 68.24. बिल आलं की कार्ड त्याच फोल्डरमध्ये ठेवायचं. बऱ्याच ठिकाणी वेटर ते घेऊन आत जातो, घाबरायचं नाही. परत येताना दोन पावत्या आणतो. त्यावर 68.24 छापलेलं असतं आणि खाली टिप आणि टोटल अशा दोन रिकाम्या ओळी. टिप 64 वर धरायची. दहा टक्के म्हणजे 6.40, दुप्पट केली की 12.80, हे झाले वीस टक्के. 12 दिले तरी चालतील. टिपच्या ओळीत 12.00, टोटलमध्ये 80.24, सही, आणि हॉटेलची प्रत तिथेच ठेवायची. टिप रोख द्यायची असेल तर टिपच्या ओळीत रेघ मारा आणि टोटलमध्ये 68.24 लिहा.

दोन गोष्टी बाबांना मुद्दाम सांगा. आकडे इंग्रजीच काढायचे. पावतीवरचा आकडा वाचून कुणीतरी नंतर मशीनमध्ये भरतो, आणि मराठीत लिहिलेले १२ त्याला 92 वाटू शकतात. दुसरं, कार्डाचा मेसेज आधी 68.24 चा येतो आणि नंतर खात्यातून 80.24 जातात. ही फसवणूक नव्हे. आपली प्रत जपून ठेवा, म्हणजे ताळा जुळवता येतो.

सातारारोड: माझं वेगळं आहे. कंपनी मला तीन महिन्यांसाठी नागोयाला पाठवतेय. तिथेही वीस टक्के धरू का?

माई_मिरज: जपानात टिप नाहीच. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर विसरले समजून ते परत द्यायला मागे धावत येतात. काउंटरवर छोटा ट्रे असतो, पैसे हातात न देता त्यात ठेवायचे. दारू मिळणाऱ्या छोट्या खानावळीत न मागवलेली एक वाटी समोर येते आणि बिलात लागते. ती बसण्याची आकारणी समजा, वाद घालू नका.

कृष्णाकाठ: न्यूयॉर्कचं मान्य. पण कॉफीच्या काउंटरवर टॅबलेट पुढे करतात, त्यावर 18, 20, 25 टक्के दिसतात. तिथे तर द्यावीच लागेल ना?

माई_मिरज: नाही. उभ्याने घेऊन जायचं असेल तर `No Tip` दाबलं तरी चालतं.

पलूस_ते_प्रिन्स्टन: मला हे पटत नाही. निदान एक डॉलर ठेवावा. `Custom Tip` दाबून आकडा टाकता येतो.

माई_मिरज: यावर तिकडच्या लोकांचंही एकमत नाही. ताईला विचारा, तिच्या गावात काय चालतं ते.

पलूस_ते_प्रिन्स्टन: अजून एक. सहा-आठ जण एकत्र गेलात तर 18 टक्के ग्रॅच्युइटी बिलातच धरलेली असू शकते, आणि खाली टिपची ओळ तरीही रिकामी असते. टॅक्सच्या आसपासची ओळ वाचली नाही तर टिप दोनदा जाते. हे आधी कळतं, कारण बरीच हॉटेलं मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात छापतात. ताईच्या घराजवळच्या दोन-तीन हॉटेलांचे मेनू आत्ताच उघडून बघा. आणि दारात शिरल्या शिरल्या रिकामं टेबल पकडायचं नाही, कुणी येऊन बसवेपर्यंत थांबायचं. वेटरला हाक किंवा चुटकी नको, नजरानजर झाली की हात थोडा वर करायचा.

विश्रामबागकर: आभार. काल वहीत खोटी पावती आखून दोघांना दिली. आईने 64 वर 18 टक्के धरून 11.52 काढले. बाबांनी टॅक्ससकट धरले, 12.28 आले. खोडून पुन्हा करायला लावू का?

माई_मिरज: राहू दे. 76 सेंटचा फरक आहे आणि तो वेटरच्या बाजूने आहे. बाबांचा एक आणि सात मात्र तपासून घ्या.