विषय: पहिल्या नोकरीच्या अनुभवावरच्या मुलाखतींची प्रश्नसूची

> १८ खुले प्रश्न काढलेत, तरी मुलं "हो, छान चाललंय" एवढंच बोलतात. अजून प्रश्न घालू का?

घालू नका, उलट कमी करा. तासाभराच्या मुलाखतीला सहा-सात मुख्य प्रश्न भरपूर झाले. खरी अडचण "नोकरीचा अनुभव कसा आहे?" अशा प्रश्नांत आहे. तो खुला दिसतो, पण मत मागतो, आणि पहिलीच नोकरी असलेल्याकडे तुलनेला दुसरी नोकरीच नसते. मग तो "छान" म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी प्रसंग मागा: "पहिल्या महिन्यात, काय करायचं तेच कळत नव्हतं असा एखादा दिवस सांगा." त्याखाली तीनच उपप्रश्न लिहून ठेवा: मग काय केलंत? कोणाला विचारलंत? कोणाला विचारायचं टाळलंत?

समजा उत्तर आलं, "सरांना नाही विचारलं, कॉलेजच्या मित्राला फोन केला." इथे "सरांना का नाही विचारलं?" असं तोंडातून जातंच, आणि तिथेच गाडी अडते. नवख्या माणसाला तो 'का' जाब विचारल्यासारखा वाटतो आणि तो सफाई द्यायला लागतो. "विचारलं असतं तर काय झालं असतं असं तेव्हा वाटलं?" असं विचारा आणि चार-पाच सेकंद गप्प बसा. भीती, लाज, साहेबांचा स्वभाव, जे असेल ते त्याच्याच शब्दांत येतं. 'ताण' हा शब्द मात्र तुम्ही आधी उच्चारू नका. दोन चाचणी मुलाखती शब्दशः उतरवून बघा: तुमचेच शब्द उत्तरात परत येत असतील, तर तो प्रश्न बदला.