मदत हवी आहे : पारदर्शक पीएनजीमध्ये फेट्याच्या कडेला हिरवट रेघ येते

गोदाकाठ_डिझाइन
नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचं फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. हरिनाम सप्ताहाचे बॅनर वर्षभर येतात आणि एका कीर्तनकार महाराजांचा एकच फोटो त्यातल्या बहुतेकांत वापरावा लागतो. फोटो सुंदर आहे. महाराज आंब्याच्या झाडाखाली उभे, पांढरा फेटा, पांढरं उपरणं, पांढरी दाढी, हातात चिपळ्या. मागे सगळी हिरवी पानं.

मी फोटोशॉपमध्ये इरेझरने मागचं खोडलं, दाढीजवळ मऊ ब्रश वापरला आणि पीएनजी करून ठेवलं. पांढऱ्यावर एकदम स्वच्छ दिसतं. भगव्यावर ठेवलं की फेट्याभोवती मळकट रेघ दिसते, गडद लालवर तर कोणी पेन्सिलने आउटलाइन काढल्यासारखी. प्रत्येक बॅनरला ती रेघ हाताने साफ करतोय, एकेका बॅनरला अर्धा तास जातो. एकदाच नीट करून ठेवायचंय, कुठल्याही रंगावर चाललं पाहिजे. काय चुकतंय?

अण्णा_फ्लेक्स
सोपं आहे भाऊ. सिलेक्शन एक पिक्सेल आत घ्या, Select > Modify > Contract. मग दोन पिक्सेल फेदर द्या आणि उलटं सिलेक्शन करून डिलीट मारा. कडा मऊ झाली की रेघ दिसत नाही. मी वीस वर्षं असंच करतोय.

स्वाती_सातपूर
माझंही पीएनजी असंच बिघडतं! क्लासच्या सरांचा कटआउट करून मोबाइलवर पाठवला तर तिकडे मागे पांढरा चौकोन आला. काल रात्री दोन वेळा पुन्हा सेव्ह केलं, तरी तेच. सेव्ह करताना काय निवडायचं?

जुना_डीटीपीवाला
स्वातीताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. चॅटमधून फोटो म्हणून पाठवलं की त्याचं जेपीईजी होतं आणि जेपीईजीत पारदर्शकता राहतच नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल आहे तशी पोहोचेल. सेव्ह करताना तुमचं काही चुकलेलं नाही.

आता गोदाकाठ भाऊंचं. अण्णा, एक पिक्सेल आत घ्यायचं हे फेट्याला आणि खांद्याला बरोबर आहे. फेदर मात्र इथे उलटं काम करतं, ते का ते सांगतो.

फेट्याच्या अगदी कडेचा पिक्सेल कॅमेऱ्यातच मिसळलेला असतो, अर्धा फेटा आणि अर्धी पानं. समजा फेटा 245, 245, 240 आणि पानं 60, 110, 40. कडेचा पिक्सेल झाला साधारण 152, 178, 140, म्हणजे हिरवट राखाडी. तुम्ही त्याला अर्धा पारदर्शक केलंत, पण त्याचा रंग तोच राहिला. आता तो गडद लालवर, म्हणजे 110, 10, 30 वर ठेवा. दिसणार 131, 94, 85, मळका तपकिरी. त्या जागी खरा फेट्याचा रंग अर्धा पारदर्शक असता तर 177, 127, 135 दिसला असता, फिका गुलाबी, आणि डोळ्याला ती फेट्याचीच कडा वाटली असती. पीएनजीत रंग आणि पारदर्शकता वेगवेगळ्या साठवल्या जातात. तुम्ही फक्त पारदर्शकता बदललीत, रंगात पानं तशीच बसलेली आहेत. फेदरने हा अर्धवट पट्टा आणखी रुंद होतो, म्हणून रेघ मऊ होते पण जात नाही.

तेव्हा मूळ फोटो पुन्हा उघडा. इरेझर नको, मास्क हवा. फेटा, उपरणं, खांदे पेन टूलने काढा, पाथ कडेच्या एक-दीड पिक्सेल आतून न्या. दाढीला पेन टूल लावू नका. Select and Mask मध्ये Refine Edge ब्रश फक्त दाढीवर फिरवा आणि आउटपुट New Layer with Layer Mask ठेवा.

मग मुख्य काम. त्या लेअरच्या वर नवा रिकामा लेअर घ्या आणि दोन लेअरच्या मधल्या रेषेवर Alt दाबून क्लिक करा, म्हणजे तो खालच्याला क्लिप होतो. आता फेट्याचा आतला रंग Alt ने उचला आणि कडेवरून मऊ ब्रश फिरवा. सावलीच्या बाजूला सावलीचा रंग उचला, नाहीतर फेटा सपाट दिसेल. मास्कला हात लागत नाही, कडेची पारदर्शकता तीच राहते, फक्त आतली पानं निघून फेट्याचा रंग येतो. दाढीला असाच आणखी एक क्लिप केलेला लेअर घ्या आणि ब्रशचा नाही, त्या लेअरचा मोड Color ठेवा, म्हणजे हिरवं जातं पण केसांचा उजेड-अंधार टिकतो.

अण्णा_फ्लेक्स
पण Decontaminate Colors ची टिक दिली की हेच आपोआप होतं ना?

जुना_डीटीपीवाला
बऱ्याच वेळा होतं, अण्णा. दाढीला आधी तेच करून बघा. पण ते कडेचे पिक्सेल खरोखर बदलून टाकतं, आणि चिपळ्यांच्या पितळेजवळ शेजारचा रंग भलतीकडे ओढलेला मी पाहिलाय. म्हणून मूळ लेअर खाली बंद करून ठेवायचा.

भाऊ, आणखी एक. कंबर आणि हात यांच्यामधल्या फटीत पानं राहिली आहेत का बघा, तिथे हमखास विसरतं.

गोदाकाठ_डिझाइन
दादा, फटीत पानं होतीच! पांढऱ्यावर नजरेलाच आली नव्हती.

फेटा आणि उपरणं केलं. खाली पांढरा, काळा, भगवा आणि गडद निळा असे चार लेअर ठेवून एकेक चालू करून पाहिलं, दोनशे टक्के झूमवर. रेघ गेली, अगदी लालवरही. पण Image > Trim मध्ये Transparent Pixels केलं तर डावीकडे बरीच रिकामी जागा उरतेय. महाराज मधोमध बसत नाहीत.

जुना_डीटीपीवाला
म्हणजे तिथे कुठेतरी न दिसणारा ठिपका आहे. लेअरला तात्पुरता Stroke द्या, लाल, पाच पिक्सेल. अगदी पुसट कणाभोवतीही लाल गोल उमटेल. किंवा मास्कच्या चौकटीवर Alt दाबून क्लिक करा, मास्क काळा-पांढरा दिसेल, काळ्यात कुठे राखाडी आहे ते शोधा आणि काळ्या ब्रशने मिटवा. मग Stroke काढायला विसरू नका.

पीएनजी काढताना सावली, ग्लो काहीही आत घालू नका. सावली ज्या त्या बॅनरवर द्यायची. आणि फोटोच्या पूर्ण मापातच काढा, बॅनरमध्ये लहान करता येतं, मोठं केलं की कडा फुटते. मास्कसकट पीएसडी वेगळी जपून ठेवा, दुरुस्ती नेहमी तिथेच.

स्वाती_सातपूर
डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, चौकोन गेला. आभार काका. माझ्याकडे सरांचा मूळ फोटो नाही, खोडलेलं पीएनजीच आहे आणि कडा पांढरट आहे. त्याचं काही होईल?

जुना_डीटीपीवाला
फोटोशॉप असेल तर Layer > Matting > Defringe, एक पिक्सेल. शर्ट आणि खांद्याला बरं होईल. केसांना फार आशा ठेवू नका, जे खोडलं गेलं ते त्या फाइलमध्ये नाहीच.

गोदाकाठ_डिझाइन
ठिपका सापडला, चिपळीच्या बाजूला मास्कमध्ये पुसट कण होता. Trim आता बरोबर बसतंय. या आठवड्यातले तीन बॅनर त्याच फाइलवर केले, भगवा, लाल आणि पिवळा, एकालाही हात लावावा लागला नाही.

दोन गोष्टी अजून राहिल्यात. गडद निळ्यावर दाढीची टोकं कापसासारखी दिसतात, Color मोडने हिरवं गेलं पण टोकं दाट वाटतात. आणि प्रेसवाले सीएमवायके मागतात. पीएनजी तर आरजीबीतच राहतं, मग कोरलमध्ये आणून तिथे बदलू की पीएसडीच सीएमवायके करून देऊ? भगवा दोन्हीकडे वेगळा येतोय.

अण्णा_फ्लेक्स
मी तर कोरलमध्येच बदलतो, भगवा थोडा मरतो हे खरं आहे. दाढीचं मलाही बघायचंय, निळ्यावरचा तुकडा इथे टाका.