टोइंगचं ॲड-ऑन: किलोमीटरची लिमिट बघा

"कारच्या इन्शुरन्स पॉलिसीत टोइंग असतंच ना, मग रोडसाइड असिस्टन्सच्या ॲड-ऑनचे वेगळे पैसे कशाला?"

असतं, पण फक्त ॲक्सिडेंट झाला तर, आणि तेही साध्या पॅकेज पॉलिसीत जवळच्या गॅरेजपर्यंत १५०० रुपयांच्या आत. गाडी नुसती बंद पडली तर काही नाही.

मागच्या पावसाळ्यात कसारा घाटात माझी क्लचप्लेट गेली, ॲड-ऑन होतं म्हणून क्रेन आली पण फुकट टोइंग २५ किलोमीटरच, नाशिक तिथून पन्नासेक, पुढचे पैसे खिशातून. इगतपुरीला सोडली असती तर फुकटात झालं असतं, पण तिथे माझ्या गाडीचं वर्कशॉप कुठाय!

आणि आधी हेल्पलाइनलाच फोन करा, स्वतः क्रेन बोलावली तर बिल बहुतेक वेळा मिळत नाही. नवीन गाडीला कंपनीचंच असिस्टन्स असेल तर मात्र डबल घेऊ नका.