मदत हवी आहे: सोयाबीनच्या ओलाव्याविषयी शेतकऱ्यांना नेमके काय विचारावे?

मांजराकाठी:
नमस्कार. मी लातूरला शिकते. स्टार्टअपच्या विषयात आम्हाला उत्पादन बनवण्याआधी मुलाखती घेऊन अडचण आणि उपाय यांचा मेळ दाखवायचा आहे. सोयाबीनचा ओलावा मोजणारे स्वस्त यंत्र शेतकऱ्याच्या हाती असावे, म्हणजे अडतीवर 'हवा जास्त आहे' असे सांगून होणारी कटती टळेल, अशी आमच्या गटाची कल्पना आहे. औसा आणि रेणापूर तालुक्यांत आम्ही ज्यांच्याशी बोललो, त्यांतील जवळपास सर्वांनी कटतीने नुकसान होते असे सांगितले आणि यंत्र विचारले तर 'घेऊ की' म्हणाले. तरीही आमच्या शिक्षकांच्या मते यातून काहीच सिद्ध होत नाही. पुढच्या फेरीत प्रश्न कसे बदलावेत?

गोदातीर:
'घेऊ की' या उत्तराला किंमत नाही, हे शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. प्रत्येकाकडून थोडी आगाऊ रक्कम मागा. जो देईल तोच खरा ग्राहक.

बालाघाट:
ओलावा मोजायला बाजारात चांगली यंत्रे मिळतात. आमच्या घरी हरभऱ्यासाठी एक आणले आहे. हवे असल्यास दुकान सांगतो.

मांजराकाठी:
आभारी आहे, परंतु आम्हाला यंत्र विकत घ्यायचे नाही. ते बनवावे की नाही, हे ठरवायचे आहे.

जुना मुनीम:
ताई, मी बरीच वर्षे अडत दुकानात हिशेब लिहिला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आगाऊ रक्कम मागण्याची वेळ अजून आलेली नाही. गावात मुलांचे मन मोडू नये म्हणूनही लोक पैसे देतात, आणि न देणाऱ्याची अडचण खोटी आहे असेही ठरत नाही. त्याआधी यंत्राचे नाव न काढता मागच्या विक्रीविषयी विचारा. शेवटचा माल कधी नेला, त्याच दिवशी का नेला, त्याच अडत्याकडे का नेला, आणि पट्टी जपून ठेवली असेल तर पाहू द्याल का? पट्टीवर कटती दिसते. आठवणीत ती वाढलेली असते.

सोयाबीनचा भाव 'दहा हवा, दोन माती, दोन डागी' या हिशेबाने निघतो, म्हणून हा हिशेब करून पाहा. समजा, माल १० क्विंटल आहे आणि ओलावा १४ टक्के. म्हणजे त्यात १४० किलो पाणी आणि ८६० किलो कोरडा माल आहे. तो १० टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन सुमारे ९५६ किलो भरते. न वाळवता नेला आणि ४ टक्के कटती झाली, तर ९६० किलोचे पैसे मिळतात. म्हणजे एका टक्क्याला क्विंटलमागे एक किलो एवढीच कटती असेल, तर वाळवून काही हाती लागत नाही. नुकसान होते ते यंत्राचा आकडा फुगवलेला असेल, कटती त्याहून जास्त असेल किंवा ओल्या मालाचा भावही पाडला असेल तेव्हा. यांपैकी काय घडले, हे मुलाखतीतून निघायला हवे.

शेवटी असे विचारा: आकडा पटला नाही तेव्हा तुम्ही काय केले? माल परत नेला, दुसऱ्या दुकानात मोजून घेतला, की गप्प राहिलात? अनेकांनी त्या अडत्याकडून पेरणीला उचल घेतलेली असते. अशा शेतकऱ्याला आकडा कळला तरी दुकान बदलता येत नाही. त्याची अडचण खरी आहे, पण ती तुमच्या यंत्राने सुटणारी नाही.

गोदातीर:
उचलीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग असे शेतकरी वगळूनच मुलाखती घ्याव्यात ना?

जुना मुनीम:
वगळू नका, वेगळे नोंदवा. तेच जास्त निघाले तर तुमचा ग्राहक दुसरा कोणी तरी आहे.

उत्पादक कंपनी, उदगीर:
आमच्या शेतकरी कंपनीचा अनुभव थोडा वेगळा आहे. आमचे सभासद हमीभाव केंद्रावर माल नेतात. तेथे १२ टक्क्यांची मर्यादा असते. २०२४ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती. मर्यादेपेक्षा ओलावा जास्त निघाला की माल परत येतो आणि टेम्पोचे भाडे अंगावर पडते. त्यामुळे लोक निघण्याआधी आमच्या गोदामातल्या यंत्रावर मूठभर दाणे मोजून घेतात. आम्ही त्याचे पैसे घेत नाही.

मांजराकाठी:
मुनीमकाका, पट्ट्या पाहण्यापासूनच सुरुवात करतो, आणि उचल घेतलेले व न घेतलेले असे दोन गट करतो. उदगीरच्या अनुभवाने मात्र नवा पेच पडला आहे. परत आलेल्या टेम्पोचा खर्च नेमका सांगता येतो, म्हणून ती अडचण कटतीपेक्षा ठळक वाटते. पण तिच्यावर फुकटचा उपाय आधीच आहे. ज्या गावांजवळ असे गोदाम नाही, तेथील शेतकरी निघण्याआधी काय करतात?

उत्पादक कंपनी, उदगीर:
काही जण दाणा दाताखाली फोडून पाहतात. तो अंदाज किती वेळा चुकतो, हे आम्ही कधी नोंदवलेले नाही.

जुना मुनीम:
तेच विचारा, आणि चुकला तेव्हा खर्च किती झाला तेही. किती मुलाखती पुरे, यावर मी ठाम सांगू शकत नाही. नवे काही ऐकू येणे थांबेपर्यंत घ्याव्यात, एवढे म्हणेन. मात्र कोरडवाहू आणि बागायती गावे एकत्र मोजू नका, कारण दोन्हीकडे माल विकण्याची घाई सारखी नसते.