नागपूरला १२ तास काढायचे आहेत: रिटायरिंग रूम की क्लोकरूम?

"पुण्याहून सकाळी ६ला नागपूरला पोचतोय, पुढची गाडी संध्याकाळी ६ची. दोन वेगळी तिकिटं, सोबत आई. रूम मिळेल का? सामानाचं काय करू?"

दोन तिकिटं आहेत हे बरंच आहे. रूमचं ऑनलाइन बुकिंग पीएनआरवर होतं आणि त्या तिकिटावर नागपूर हे सुरुवातीचं किंवा शेवटचं स्टेशन असावं लागतं. तुमच्या दोन्ही पीएनआरवर ते आहे. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी हवं, वेटिंगवर रूम मिळत नाही. पहिला पीएनआर वेटिंगला असेल तर दुसरा टाकून बघा. मात्र स्लॉट घड्याळावर चालतो. गाडी तीन तास लेट झाली तर ते तास गेलेच समजा.

आई सोबत आहेत म्हणजे रूमच घ्या, सामानही तिथेच राहील. नाही मिळाली तर आईंना वेटिंग रूममध्ये बसवून बॅगा क्लोकरूममध्ये टाका. तिथे तिकीट लागतं आणि प्रत्येक डागाला कुलूप हवंच. मी एकदा एका जंक्शनवर (नाव नको) दोरी बांधलेली पिशवी घेऊन गेलो आणि तसाच परतलो. बाहेर कुलूप शोधण्यात अर्धा तास गेला. त्यामुळे झिपच्या दोन्ही कड्यांतून जाईल असं छोटं कुलूप घरूनच न्या. खाण्याचे डबे, औषधं, दागिने आत ठेवू नका. पावतीचा फोटो काढा, पण मूळ पावतीही जपा. ती हरवली की हमीपत्राच्या भानगडीत गाडी चुकायची! आणि काउंटरवर रांग असते, म्हणून ५लाच बॅगा सोडवा.