छज्जा प्रकरण: कंत्राटदाराकडून किती परत मिळणार?

सेक्रेटरी (बी-३०४): रंगकामाच्या वेळी आपला छज्जा पडून जखमी झालेल्या माणसाच्या दिंडोशी कोर्टाच्या प्रकरणात आज बँकेने आपल्या खात्यातून १०,८०,००० कोर्टात भरले. ९ लाख भरपाई, बाकी व्याज आणि खर्च. खातं रिकामं झालंय. ३६ फ्लॅट, म्हणजे प्रत्येकी ३०,००० ची खास वर्गणी काढावी लागेल.

सावंत (ए-१०२): एक मिनिट. निकालात सोसायटी ४० टक्के आणि कंत्राटदार ६० टक्के असं स्वच्छ लिहिलंय ना? मग आपण शंभर टक्के का भरायचे??

नेने काकू (सी-२०१): तेच म्हणते मी. परांचीला जाळी त्याने लावली नाही, भुर्दंड आम्हाला!

अ‍ॅड. मीनाताई (बी-४०३): सावंत, तो ४०-६० सोसायटी आणि कंत्राटदार यांच्यातला हिशेब आहे. ज्यांच्या खांद्यावर छज्जा पडला त्यांचा त्याच्याशी संबंध नाही. हुकूमनामा 'संयुक्तपणे व पृथकपणे' आहे, म्हणजे ते दोघांपैकी कोणाकडूनही सगळी रक्कम वसूल करू शकतात. आपलं खातं सापडलं, त्याचं सापडलं नाही, एवढंच. आणि खरं सांगू का, ते बरोबरच आहे. त्या माणसाने हाड मोडून वर कंत्राटदार शोधत फिरायचं का?

सावंत: मग आपले गेले ते गेले?

अ‍ॅड. मीनाताई: नाही. आपल्या वाट्याच्या वर जे भरलं ते त्याच्याकडून मागता येतं. १०,८०,००० चे ६० टक्के म्हणजे ६,४८,०००. आपला खरा बोजा ४,३२,०००, फ्लॅटमागे १२,०००. उलटंही लक्षात घ्या: कोर्टाने आपल्याकडून फक्त ४ लाख उचलले असते तर आज त्याच्याकडे एक पैसाही मागता आला नसता, कारण तेवढ्यात आपला स्वतःचाच वाटा फिटत नाही.

जोशी (सी-५०२): माझ्या वाचनात आलं होतं की दोन चुकणाऱ्यांपैकी एकाला दुसऱ्याकडून काही मागता येत नाही.

अ‍ॅड. मीनाताई: तो इंग्लंडचा १७९९ चा मेरीवेदर विरुद्ध निक्सन. एकाने सगळे ८४० पौंड भरले, अर्धे मागायला गेला, कोर्टाने परत पाठवलं. पण इंग्लंडने स्वतःच १९३५ मध्ये कायदा करून ते बदललं. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, तरी इथल्या न्यायालयांनी तो जुना नियम डोळे मिटून उचललेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या खेन्येई प्रकरणात म्हटलंय की दोघेही चुकणारे खटल्यात असतील आणि वाटे ठरलेले असतील, तर पूर्ण पैसे भरणाऱ्याने वेगळा दावा न लावता दरखास्तीतूनच, म्हणजे त्याच हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जातून, दुसऱ्याकडून वसूल करावं. दुसरा खटल्यात नसेल, तर मात्र स्वतंत्र दावा.

सेक्रेटरी: आपण त्याला प्रतिवादी करून घ्यायला लावलं होतं. तेव्हा काही जणांनी 'वकिलाचा खर्च वाढेल' म्हणून आरडाओरडा केला होता, आठवतंय 🙂

अ‍ॅड. मीनाताई: तेच आज कामाला आलं. तो खटल्यात नसता तर हे टक्के त्याच्यावर बंधनकारक नव्हते, सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागलं असतं. पण सावध राहा. खेन्येई मोटार अपघाताचं आहे. त्याचा वकील 'इथे लागू नाही' म्हणणारच. म्हणून दरखास्त लावू, आणि ती अडली तर दावा तयार ठेवू. मुदत पैसे भरल्या तारखेपासून ३ वर्षं. बँकेची आजची पावती जपून ठेवा.

नेने काकू: पण ६० च का? काम त्याचं, माणसं त्याची. शंभर टक्के मागा की.

अ‍ॅड. मीनाताई: काकू, कामाच्या करारात 'तिसऱ्या माणसाच्या नुकसानीची सगळी जबाबदारी कंत्राटदाराची' असं कलम असतं तर त्यावर भांडलो असतो. आपण दिली होती एक पानी वर्क ऑर्डर, त्यात फक्त रंगाच्या छटा आणि दर. आणि ४० टक्के कोर्टाने हवेतून काढलेले नाहीत. 'छज्जा सैल आहे' हे स्ट्रक्चरल ऑडिटरचं पत्र आपल्याच मीटिंगच्या इतिवृत्तात आहे, पुढे 'पावसाळ्यानंतर पाहू' असा शेरा आहे.

सावंत: तो शेरा कोणी लिहिला?

सेक्रेटरी: तुम्ही अध्यक्ष होतात.

सावंत: ...

जोशी: आणि त्याच्याकडे पैसेच नसतील तर?

अ‍ॅड. मीनाताई: मग कागदावर ६,४८,००० आणि हातात शून्य. ती जोखीम आपलीच. म्हणून त्याची आत्ता कुठे कामं चालू आहेत, कुठून बिलं येणं बाकी आहेत ते शोधा. त्या येण्यावर जप्ती मागता येते.

नेने काकू: आमच्या भाच्याच्या सोसायटीत, बोरिवलीला, त्याचीच परांची बांधलीय. कालच पाहिली.

अ‍ॅड. मीनाताई: जाळी आहे का तिला?

नेने काकू: नाही गं.

सेक्रेटरी: काकू, भाच्याचा नंबर मला वेगळा पाठवा. वर्गणी तूर्त ३०,००० च राहील, १० तारखेपर्यंत. वसूल झालं की त्याच प्रमाणात परत.